ट्रॅकिऑस्टॉमीची काळजी आणि सक्शन : स्किल्स लॅबची पायरी न् पायरी, कारणांसकट

मॅनिकिनला खोकला येत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही आणि तो तुमचं मनगट धरत नाही. त्यामुळे लॅबमध्ये सक्शन फार सोपं वाटतं. वॉर्डात पहिल्यांदा कॅथेटर आत जातो, पेशंट खोकून अर्धा उठतो, चेहरा लालबुंद होतो आणि विद्यार्थिनी कॅथेटर तसाच आत धरून माझ्याकडे बघत राहते. त्या दोन-तीन सेकंदांत पाठ केलेली यादी आठवत नाही. प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे कळलेलं असेल तर मात्र हात आपोआप पुढचं काम करतो. म्हणून इथे कारण आधी आणि कृती मागून, असं बऱ्याच ठिकाणी केलं आहे.

सगळा लेख एकाच पेशंटवर बेतू. पन्नाशीचे एक काका आहेत. डोक्याला मार लागून बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. ट्रॅकिऑस्टॉमी होऊन आठ दिवस झालेत, व्हेंटिलेटर निघालाय आणि ट्रॅकी मास्कने ५ लिटर ऑक्सिजन चालू आहे. गळ्यात ८ नंबरची, हवेने फुगवायचा कफ असलेली, आतली नळी निघते अशी ट्यूब आहे. लहान मुलं, व्हेंटिलेटरवरचं बंद सक्शन आणि अख्खी ट्यूब बदलणं हे विषय वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

नाकाचं काम आता कोण करणार

आपण श्वास घेतो तेव्हा नाक हवा गाळतं, कोमट करतं आणि ओली करतं. काकांची हवा आता थेट गळ्यातल्या भोकातून आत जाते, म्हणजे कोरडी आणि थंड. श्वासनलिकेतला स्राव त्यामुळे घट्ट होतो, मग चिकट होतो आणि शेवटी ट्यूबच्या आतल्या बाजूला खरपुडीसारखा धरतो. दुसरी अडचण खोकल्याची. जोरात खोकायचं तर आधी स्वरयंत्र बंद करून छातीत दाब साठवावा लागतो. ट्यूब स्वरयंत्राच्या खाली आहे, तेव्हा दाब साठतच नाही. काका खोकतात, पण त्या खोकल्यात ताकद नसते.

घट्ट स्राव आणि दुबळा खोकला, या दोन गोष्टींमुळे सक्शन लागतं. पण सक्शन ही पहिल्या अडचणीवरची तोड नाही. हवा ओली ठेवणं ही तोड आहे: ह्युमिडिफायर, ट्यूबवर बसणारा एचएमई फिल्टर, सांगितलं असेल तर सलाईनचं नेब्युलायझेशन आणि शरीरात पुरेसं पाणी. ज्या पेशंटला दर अर्ध्या तासाने सक्शन लागतंय आणि दर वेळी डिंकासारखा स्राव निघतोय, त्याच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत पाणी आहे का ते आधी बघा. बाटली कोरडी सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

उशाशी काय असायलाच हवं

ट्रे मांडण्याआधी पलंगाच्या उशाकडे नजर टाका. तिथे त्याच नंबरची एक जादा ट्यूब आणि एक नंबर लहान ट्यूब, ऑब्ट्युरेटर, जादा आतली नळी, ट्रॅकिअल डायलेटर, १० मिलीची सिरिंज, मास्कसकट ॲम्बू बॅग आणि चालू स्थितीतलं सक्शन हवं. लहान ट्यूब एवढ्यासाठी की नळी निसटली तर भोक आकसायला लागतं आणि तोच नंबर परत बसेलच असं नाही. या वस्तू "स्टोअरमध्ये आहेत" असं उत्तर मिळालं तर ते "नाहीत" असंच समजायचं.

सक्शनच्या ट्रेमध्ये निर्जंतुक कॅथेटर, निर्जंतुक ग्लोव्हज, गॅलीपॉटमध्ये नॉर्मल सलाईन, गॉझ आणि किडनी ट्रे. स्वतःसाठी मास्क, चष्मा आणि ॲप्रन. चष्मा मुली टाळतात. ट्यूबमधून खोकला थेट समोर उडतो आणि समोर आपलाच चेहरा असतो, हे एकदा अनुभवलं की कोणी टाळत नाही.

करायचं की नाही, हे आधी ठरवा

"दर दोन तासांनी सक्शन" असं चार्टवर लिहिलेलं अजूनही दिसतं. दर दोन तासांनी तपासायचं असतं. सक्शन गरज असेल तरच. कारण प्रत्येक सक्शन स्रावाबरोबर फुफ्फुसातली हवाही ओढतं आणि श्वासनलिकेच्या नाजूक आवरणाला ओरखडा काढतं.

गरज कशी ओळखायची? ट्यूबच्या तोंडाशी स्राव दिसतो. जवळ गेल्यावर घरघर ऐकू येते. स्टेथोस्कोप छातीच्या वरच्या मध्यभागी ठेवला तर जाडसर खरखर लागते. श्वासाचा वेग वाढतो, सॅच्युरेशन उतरतं, पेशंट अस्वस्थ होतो. यातलं काहीच नसेल आणि काका शांत झोपलेले असतील तर त्यांना झोपू द्या आणि "तपासलं, सक्शनची गरज नाही" असं लिहा. तीही नोंदच आहे. एक मात्र करायचं: काका जागे असतील आणि बऱ्यापैकी खोकत असतील तर आधी त्यांनाच खोकायला सांगा. स्राव ट्यूबच्या तोंडाशी आला तर गॉझने टिपता येतो, कॅथेटर आत घालावाच लागत नाही.

कॅथेटर किती जाड, दाब किती

कॅथेटर ट्यूबमध्ये असताना त्याच्या बाजूने हवा आत येत राहिली पाहिजे. कॅथेटरने नळी जवळपास भरून टाकली तर बाहेरून हवा येणार नाही आणि सक्शन फुफ्फुसातलीच हवा ओढत बसेल. हवेच्या बारीक पिशव्या मिटतील. म्हणून कॅथेटरची बाहेरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको.

हिशोब सोपा आहे. आतल्या व्यासातून २ वजा करा आणि २ ने गुणा. ८ मिमी व्यास असेल तर ८ वजा २ म्हणजे ६, दुप्पट १२. १२ फ्रेंचचा कॅथेटर. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा १२ फ्रेंच म्हणजे ४ मिमी. बरोबर निम्मा.

आता इथे एक खाच आहे. काही कंपन्यांच्या ट्यूबवरचा नंबर हा आतली नळी काढल्यावरचा व्यास असतो. आतली नळी घातली की जागा कमी होते. काकांच्या ट्यूबच्या पाकिटावर आतल्या नळीसकट व्यास ७ मिमी दिलाय असं धरू. मग ७ वजा २ म्हणजे ५, दुप्पट १०. म्हणजे पांढऱ्या टोकाचा १२ नाही, काळ्या टोकाचा १० फ्रेंच. वॉर्डात सर्वात सहज हाताशी येतो तो हिरव्या टोकाचा १४. तो पावणेपाच मिमीच्या आसपास जाड असतो. या नळीत निम्म्याहून बराच जास्त. "स्राव घट्ट आहे म्हणून जाड कॅथेटर घेतला" हे उत्तर मी परीक्षेत मान्य करत नाही. घट्ट स्रावाचं उत्तर पुन्हा ह्युमिडिफायर.

दाबाचं असं आहे: मोठ्या माणसांसाठी आम्ही ८० ते १२० एमएमएचजी शिकवतो आणि १५० च्या वर जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या रेस्पिरेटरी केअर संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्यांसाठी २०० च्या खाली अशी मर्यादा आहे, पण तीही मर्यादा आहे, सुरुवात तिथून करायची नसते. काम होईल तेवढाच कमी दाब, हे सूत्र दोन्हीकडे तेच. दाब बघताना नळी अंगठ्याने पूर्ण दाबून धरा आणि मग काटा वाचा. नळी उघडी असताना काटा कमी दाखवतो, आपण बटण पिळत जातो आणि प्रत्यक्षात दाब भलताच चढलेला असतो. बऱ्याच गेजवर आकडे ७६० पर्यंत असतात, त्यामुळे १०० ला काटा जेमतेम हललेला दिसतो. तो तेवढाच हलायला हवा.

प्रत्यक्ष सक्शन

हात धुवा आणि काकांच्या नजरेसमोर या. "काका, नळीतला कफ काढते. खोकला येईल, दहा सेकंद त्रास होईल. थांबवायचं असेल तर हात वर करा." ते बोलू शकत नाहीत, तेव्हा खूण आधी ठरलेली हवी. शुद्ध पूर्ण नसलेल्या पेशंटलाही हेच सांगायचं. पाठ ३० ते ४५ अंश उचलून घ्या. काकांच्या डोक्याला मार आहे, म्हणून मान सरळ मधोमध ठेवा. मान वळली की डोक्यातून रक्त परत यायला अडथळा होतो आणि सक्शनच्या खोकल्याने डोक्यातला दाब तसाही वाढतोच.

मग ऑक्सिजन वाढवा. ट्रॅकी मास्कचा प्रवाह पूर्ण वाढवून ३० ते ६० सेकंद तसाच ठेवा. आपण काही सेकंद त्यांची हवा ओढून घेणार आहोत, त्याची ही आगाऊ शिल्लक. काका स्वतः श्वास घेतायत, म्हणून ॲम्बूची गरज नाही. ट्यूबच्या तोंडाशी स्राव दिसत असताना ॲम्बू दाबला तर तो स्राव आपणच खाली ढकलतो.

कॅथेटरचं पाकीट फक्त जोडणीच्या टोकाकडून उघडा, बाकीचा कॅथेटर पाकिटातच राहू द्या. सलाईन आधी ओतून ठेवा, कारण ग्लोव्हज चढवल्यावर बाटलीला हात लावता येत नाही. आता उजवा हात निर्जंतुक आणि डावा फक्त स्वच्छ. उजव्याने कॅथेटर, डाव्याने सक्शनची नळी, मास्क आणि अंगठ्याने झाकलं की ओढ सुरू होते ते कॅथेटरवरचं भोक. लॅबमध्ये सर्वात जास्त मार्क इथेच जातात: मास्क सरकवायला नकळत उजवा हात पुढे येतो. मी मुलींना पहिले आठ दिवस डाव्या ग्लोव्हवर मार्करने फुली मारायला लावते. डावखुऱ्यांनी अर्थात उलट करायचं.

कॅथेटरचं टोक सलाईनमध्ये बुडवून थोडं ओढून बघा. सक्शन चालतंय हे कळतं आणि टोक ओलं होऊन नळीत सहज सरकतं. आता डाव्या हाताने मास्क बाजूला करा आणि अंगठा कॅथेटरच्या भोकावरून काढलेला ठेवून कॅथेटर आत घाला. आत जाताना सक्शन चालू असेल तर वाटेतली हवा फुकट जाते आणि टोक आवरणाला चिकटतं.

किती आत? कॅथेटरचं टोक ट्यूबच्या टोकाच्या जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर पुढे गेलं की पुरे. जादा आतली नळी कॅथेटरच्या बाजूला धरून हे अंतर आधीच डोळ्यांनी मोजून ठेवा. कॅथेटर चांगला अर्धा मीटर लांब असतो आणि "अजून जातोय" म्हणून घालत राहिलं की टोक श्वासनलिका जिथे दोन फाटे होते तिथे जाऊन आदळतं. तिथे आदळलं की जोराचा खोकला येतो, नाडी एकदम मंदावू शकते आणि रोज तिथेच टोचलं तर जखम होते. खोल सक्शन कधीतरी लागतं, पण ते उथळ सक्शनने स्राव निघाला नाही तरच. आणि तेव्हाही अडथळा लागल्यावर १ सेंमी मागे घेऊनच अंगठा ठेवायचा.

अंगठा ठेवा आणि बोटांत हलकं फिरवत कॅथेटर बाहेर काढा. आत घातल्यापासून बाहेर येईपर्यंत १० सेकंद. १५ च्या वर कधीच नाही. मनातल्या मनात मोजू नका, घाबरलेल्या माणसाचे सेकंद लांबतात. शेजारच्या मुलीला मोठ्याने मोजायला सांगा. "सक्शन करताना स्वतःचा श्वास रोखा, म्हणजे कळेल" असं काही ठिकाणी सांगतात. त्यात मला फारसा अर्थ दिसत नाही: तुमची फुफ्फुसं धडधाकट आहेत आणि तुमची हवा कोणी ओढत नाहीये.

कॅथेटर बाहेर आला की लगेच मास्क परत ट्यूबवर. कॅथेटर धुण्याआधी मास्क. मग मॉनिटर बघा. सॅच्युरेशन मूळ जागी येईपर्यंत, किमान अर्धा-एक मिनिट थांबा. छाती ऐका. अजून खरखर असेल तरच दुसरी फेरी, आणि एका वेळेला तीनच्या पुढे नाही. मधेच नाडी मंदावली, ठोके अनियमित झाले किंवा सॅच्युरेशन ९० च्या खाली घसरलं तर कॅथेटर बाहेर, पूर्ण ऑक्सिजन चालू, आणि हाक मारायची.

तोंडातला स्राव काढायचा तर सर्वात शेवटी. तोंडात गेलेला कॅथेटर पुन्हा ट्यूबमध्ये जात नाही. मग कॅथेटर बोटांभोवती गुंडाळून ग्लोव्ह त्यावरच उलटा काढा. दोन्ही लाल पिशवीत, स्रावाचे गॉझ पिवळ्या पिशवीत. सक्शनची नळी पाणी ओढून साफ करा. आणि काकांचा ऑक्सिजन परत ५ लिटरवर आणा, ही पायरी विसरलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

सलाईन टाकण्याबद्दल इथेच सांगते. "सिस्टर, पाच मिली सलाईन सोडा, म्हणजे कफ पातळ होईल" हे वाक्य वॉर्डात कानावर पडेलच. आमच्या लॅबमध्ये खोटा स्राव इसबगोलाचा करतो. भरपूर इसबगोल कमी पाण्यात भिजवून, चिमूटभर हळद घालून रात्रभर ठेवला की हुबेहूब घट्ट पिवळा कफ होतो. तो पारदर्शक नळीत भरून वरून सलाईन सोडलं की मुली स्वतःच बघतात: पाणी बाजूने खाली ओघळतं, गोळा जागच्या जागी. पेशंटमध्येही ते सलाईन खाली फुफ्फुसाकडे जातं, वाटेतले जंतू बरोबर नेतं आणि सॅच्युरेशन उतरवतं. जो खोकला येतो त्यामुळे कफ निघाल्यासारखा वाटतो. म्हणून दर वेळी सलाईन नाही.

आतली नळी

क्रम लक्षात ठेवा: आधी सक्शन, मग आतली नळी, मग भोकाभोवतीची स्वच्छता, शेवटी पट्ट्या. आधी ड्रेसिंग केलं आणि मग सक्शन केलं तर खोकल्याबरोबर नवं ड्रेसिंग लगेच भरतं.

डाव्या हाताची दोन बोटं फ्लँजवर, म्हणजे ट्यूबच्या गळ्यावर टेकलेल्या पसरट कडेवर, घट्ट ठेवा आणि उजव्या हाताने आतल्या नळीचं कुलूप सोडवून ती ट्यूबच्या वळणाच्या दिशेने, खाली-बाहेर ओढा. सरळ समोर ओढली तर सगळी ट्यूबच हलते. नळी निघाल्याबरोबर जादा नळी आत बसवा, मग सावकाश पहिली धुवा. नॉर्मल सलाईन किंवा कंपनीने सांगितलेलं द्रावण, आतून ब्रश, मग सलाईनने खळखळून धुवायची, झटकून कोरडी करायची आणि उजेडासमोर धरून आरपार बघायची. उजेडाचा गोल पूर्ण दिसला पाहिजे. कडेला चंद्रकोर दिसली तर खरपुडी अजून आहे. ओली नळी घालू नका, तेच पाणी खाली जातं. एकदाच वापरायची नळी असेल तर धुणं नाही, नवी. निदान दर आठ तासांनी काढून बघायची, स्राव जास्त असेल तर त्याहून लवकर. आणि एका कंपनीची आतली नळी दुसऱ्या ट्यूबमध्ये "बसतेय ना" म्हणून घालायची नाही. परत बसवताना कुलूप लागल्याची खात्री हाताने करा, नाहीतर पुढच्या खोकल्याला ती चादरीवर सापडते.

याच वेळी कफचा दाब मॅनोमीटरने बघून घ्या. २० ते ३० सेंमी पाणी. ३० च्या वर श्वासनलिकेच्या आवरणाचा रक्तपुरवठा तुटायला लागतो, २० च्या खाली वरची लाळ कफच्या बाजूने खाली झिरपते. पायलट बलून चिमटीत दाबून "ठीक वाटतोय" म्हणणं हे मोजणं नव्हे.

भोक आणि पट्ट्या

सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉझने भोकापासून बाहेरच्या दिशेने पुसा. एक गॉझ, एकच फेर. मग कोरडं करा, कारण ओली कातडी पांढरी पडून सोलवटते. लालसरपणा, पू, वास, फ्लँजखालचा व्रण, हे सगळं याच वेळी दिसतं, एरवी ड्रेसिंगखाली लपतं.

ड्रेसिंगसाठी साधा गॉझ मध्ये कात्रीने कापू नका. कापलेल्या कडेचे धागे सुटतात आणि श्वासाबरोबर भोकात ओढले जातात. तयार चीर असलेलं ड्रेसिंग नसेल तर गॉझ उलगडून लांब पट्टी करा आणि घडी घालून इंग्रजी यू अक्षरासारखी फ्लँजखाली सरकवा.

पट्ट्या बदलताना दोन माणसं हवीत. एकीने फ्लँज धरायचा आणि दुसरीची गाठ पूर्ण होईपर्यंत तो सोडायचा नाही, मग पेशंट कितीही खोको. एकटीच असाल तर नवी पट्टी आधी बांधा, जुनी नंतर कापा. काकांची मान किंचित पुढे वाकवून गाठ बांधा, पट्टीखाली एक बोट जेमतेम जाईल इतपत. मान मागे टाकलेली असताना बांधलेली पट्टी, मान पुढे आली की सैल होते. गाठ मानेच्या बाजूला आणि पक्की. सुरगाठ नको, मागच्या बाजूलाही नको. मागची गाठ उशीवर टोचते आणि गाऊनच्या नाड्यांबरोबर कोणीतरी सोडूनही बसतं. ट्रॅकिऑस्टॉमीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्जनने सांगितल्याशिवाय पट्ट्यांना हात लावायचा नाही.

कॅथेटर आत जातच नाही

नोकरीच्या पहिल्या वर्षीची रात्रपाळी. काकांसारखाच एक पेशंट, श्वास जोरात, सॅच्युरेशन ८८. कॅथेटर घातला तर चार-पाच सेंटिमीटरवर अडला. मी दाब वाढवला, ३०० पर्यंत. निघालं काय, तर चार थेंब रक्त. दुसरा कॅथेटर घेतला, तोही तिथेच अडला. सॅच्युरेशन ८१. शेजारच्या वॉर्डातून सीनिअर सिस्टर आल्या, कॅथेटरकडे बघितलंही नाही, एका हाताने आतली नळी काढून किडनी ट्रेमध्ये टाकली. पेशंटचा पुढचा श्वास मोकळा गेला. नळीच्या टोकाशी तपकिरी, वाळलेला गोळा बसला होता, नळीच्याच आकाराचा, बोटाने दाबला तरी न दबणारा. चार्टवर आतली नळी शेवटची कधी काढली याची नोंद नव्हती. आदल्या पाळीची नव्हती आणि माझीही नव्हती.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आता ठरलेल्या क्रमात शिकवलं जातं. ब्रिटनच्या नॅशनल ट्रॅकिऑस्टॉमी सेफ्टी प्रोजेक्टने २०१२ साली आणीबाणीचा जो क्रम प्रसिद्ध केला, त्याचा गाभा असा आहे. मदतीला हाक मारा आणि तोंडावर व ट्यूबवर, दोन्हीकडे ऑक्सिजन लावा. ट्यूबवर झाकण किंवा बोलण्याचा व्हॉल्व्ह असेल तर तो काढा, आतली नळी काढा. मग कॅथेटर घालून बघा. गेला, तर ट्यूब मोकळी आहे, सक्शन करा. नाही गेला, तर कफची हवा सोडा, म्हणजे ट्यूबच्या बाजूने वरून श्वास घ्यायला वाट होईल. तरीही सुधारणा नसेल तर ट्यूब काढून टाकायची आणि तोंड व भोक दोन्हीकडून ऑक्सिजन द्यायचा. हा शेवटचा निर्णय डॉक्टरांचा, पण तोवरच्या पायऱ्या तुमच्या हातातल्या आहेत. काही ट्यूबमध्ये ॲम्बू जोडायचं तोंड आतल्या नळीवरच असतं. तिथे ॲम्बू लावण्याआधी जादा नळी घालावी लागते. आपल्या वॉर्डातल्या ट्यूब कोणत्या जातीच्या आहेत हे शांत वेळी बघून ठेवा.

कॅथेटर अडला तर दाब कधीच वाढवायचा नाही. अडथळा नळीत असेल तर दाबाने तो हलत नाही. आणि नळीच जागेवरून सरकून मांसात गेलेली असेल, तर कॅथेटर रेटून किंवा ॲम्बू मारून नुकसान वाढतं: हवा कातडीखाली शिरते, मान फुगते, बोटाखाली चुरचुरते.

ट्यूब पूर्ण बाहेर आली तर काय, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. पहिल्या आठवडाभरात वाट पक्की झालेली नसते, म्हणून आपण ट्यूब परत घालायचा प्रयत्न करायचा नाही. काका आठव्या दिवशी आहेत, पण छिद्र सुई-वायर पद्धतीने केलेलं असेल तर दहा दिवसांपर्यंत सावध राहायचं. हाक मारायची, भोकावर गॉझ दाबून तोंडाने मास्क-ॲम्बू द्यायचा. स्वरयंत्रच काढून टाकलेल्या पेशंटला मात्र हे लागू नाही. त्याच्या तोंडाचा आणि फुफ्फुसाचा संबंधच उरलेला नसतो, त्याला भोकावरूनच श्वास द्यावा लागतो. म्हणून उशाशी तशी पाटी लागते.

रक्ताबद्दल एवढंच. सक्शननंतर गुलाबी छटा दिसली तर दाब, खोली आणि फेऱ्या तपासा. पण ट्रॅकिऑस्टॉमीला तीन-चार दिवस होऊन गेल्यावर, बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात, अचानक लालभडक रक्त आलं आणि थांबलं, तर "थांबलं" म्हणून सोडायचं नाही. ट्यूब छातीतल्या मोठ्या धमनीवर घासत असल्याची ती पहिली सूचना असू शकते. डॉक्टरांना तत्काळ कळवायचं.

नोंद

"सक्शन केलं" ही नोंद पुढच्या पाळीला काहीच सांगत नाही. काकांची पहाटेची नोंद मी अशी लिहून घेते:

पहाटे ४.१०. ट्यूबशी घरघर, श्वास २६, सॅच्युरेशन ९१. पूर्ण ऑक्सिजन १ मिनिट. १० फ्रेंच, १०० एमएमएचजी, उथळ सक्शन, २ फेऱ्या. घट्ट, पिवळसर स्राव, मध्यम प्रमाण, वास नाही, रक्त नाही. फेरीदरम्यान सॅच्युरेशन कमीत कमी ९०, नाडी ८८ ते १०२. नंतर सॅच्युरेशन ९६, श्वास १८, दोन्हीकडे हवा सारखी. आतली नळी काढली, कडेला खरपुडी, जादा नळी बसवली, कुलूप तपासलं. कफ २४. भोक कोरडं, लाली नाही. ड्रेसिंग बदललं, पट्टीखाली एक बोट. ऑक्सिजन परत ५ लिटर. ह्युमिडिफायरची बाटली रिकामी सापडली, भरली. आतली नळी पुन्हा ८ वाजता बघणे.